शून्य जाडीची भिंत

अनंत उंचीची, पण शून्य जाडीची भिंत कल्पनेत उभी करा. तिच्या दिशेने एक इलेक्ट्रॉन येतो आहे. न्यूटनच्या नियमांनी चालणाऱ्या कणाला अशी भिंत ओलांडायची तर अनंत ऊर्जा लागेल, आणि तेवढी कोणाकडेच नसते. म्हणून तो दर वेळी मागे फिरेल. पुंज यामिकीचे उत्तर वेगळे आहे. इलेक्ट्रॉन पलीकडे जाण्याची शक्यता बहुधा शून्य नसते. ती पाच टक्के असू शकते, पन्नास असू शकते, नव्व्याण्णवही असू शकते. किती ते दोनच गोष्टींवर ठरते: भिंत किती जोरकस आहे आणि कण किती ऊर्जेने येतो आहे. हा हिशोब पूर्ण आणि अचूक करता येतो. कागदाचे एक पान त्याला पुरते. पुंज यामिकीत इतक्या थोड्या श्रमात इतके सांगणारी उदाहरणे फार नाहीत.

या भिंतीला भौतिकीत डेल्टा फलनाचा अडथळा म्हणतात. १९२७च्या सुमारास पॉल डिरॅक यांनी हे फलन पुंज यामिकीत रुळवले. एका बिंदूवर अनंत आणि बाकी सगळीकडे शून्य, असे ते फलन. गणितज्ञांना ते बरीच वर्षे खटकत राहिले. लोराँ श्वार्त्झ यांनी १९४०च्या दशकात त्याला नीट पाया घालून दिला. आपल्याला इथे त्याचा एकच गुण लागतो. उंची अनंत आणि जाडी शून्य असली तरी उंची आणि जाडी यांचा गुणाकार, म्हणजे भिंतीखालचे क्षेत्रफळ, ठरावीक आणि मोजता येईल असे असते. या क्षेत्रफळालाच भिंतीचे बळ म्हणतात आणि α या अक्षराने दाखवतात.

उंची ऊर्जेच्या एककात आणि जाडी लांबीच्या एककात मोजतात, म्हणून बळाचे एकक होते इलेक्ट्रॉन-व्होल्ट गुणिले नॅनोमीटर. एक खरी भिंत घेऊ: उंची ३.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि जाडी ०.१ नॅनोमीटर, म्हणजे साधारण एका लहान अणूच्या आकाराएवढी. तिचे बळ ०.३९. आता हे क्षेत्रफळ तेवढेच ठेवून भिंत पातळ करत जा आणि त्याच प्रमाणात उंच करत जा. या दाबण्याच्या शेवटी जे उरते तो आपला डेल्टा अडथळा. पुढे सगळीकडे हीच ०.३९ बळाची भिंत वापरू, कारण तिच्याने आकडे फार सोयीचे येतात.

भिंतीपाशी काय घडते ते समजण्यासाठी कण बाजूला ठेवून लाटेचा विचार करावा लागतो. इलेक्ट्रॉनचे वर्णन तरंगफल करते आणि ते श्रोडिंजर यांच्या समीकरणाप्रमाणे वागते. भिंतीच्या दोन्ही बाजूंना कोणतेही बल नाही, म्हणून तिथे साध्या लाटा आहेत: डावीकडून येणारी, आदळून डावीकडे परतणारी, आणि पलीकडे उजवीकडे निघून जाणारी. भिंतीच्या बिंदूवर या लाटांनी दोन अटी पाळायच्या असतात. पहिली अट साधी आहे. तरंगफल तुटता कामा नये. डावीकडून बिंदूपाशी त्याची जी किंमत येते तीच उजवीकडूनही यायला हवी.

सगळा खेळ दुसऱ्या अटीत आहे. एरवी तरंगफलाचा उतारही सलग असतो, म्हणजे लाट कुठेही टोकदार होत नाही. डेल्टा भिंतीवर मात्र उतार एकदम बदलतो, आणि किती बदलतो ते समीकरणच सांगते: त्या बिंदूवर तरंगफलाची जी किंमत असेल तिच्या 2mα/ħ² पट. m म्हणजे कणाचे वस्तुमान आणि ħ म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले 2π. तरंगफलाला त्या जागी एक टोक पडते. भिंत त्याच्याकडून दुसरे काहीही मागत नाही.

ताणून बांधलेली लांब दोरी डोळ्यांसमोर आणली की हे टोक दिसू लागते. दोरीच्या एका बिंदूला स्प्रिंग जोडलेली आहे आणि ती दोरीला मधल्या रेषेकडे ओढते. दोरीवरून लाट सोडली की स्प्रिंगपाशी दोरी तुटत नाही, पण तिथे कोन पडतो. दोरी जितकी वर जाईल तितकी स्प्रिंग जोराने ओढणार आणि कोन तितका तीव्र होणार. लाटेचा काही भाग इथून मागे फिरतो, काही पुढे जातो. दोरीसाठी मांडलेले समीकरण आणि इलेक्ट्रॉनसाठी मांडलेले समीकरण दोन्ही अक्षरशः एकाच रूपाची आहेत. फक्त स्प्रिंगच्या ताकदीच्या जागी α येतो. लांब, संथ लाट स्वतःहून फारशी वाकलेली नसते. तिला स्प्रिंगने लादलेला कोन झेपत नाही, म्हणून ती जवळजवळ सगळी परत जाते. आखूड, जलद लाट मुळातच तीव्र उतारांची असते. त्या उतारांत स्प्रिंगचा कोन सहज सामावतो आणि ती फारशी अडत नाही.

आता प्रत्यक्ष हिशोब. येणाऱ्या लाटेची उंची 1 धरू, परतणारीची r आणि पलीकडे जाणारीची t. पहिल्या अटीवरून

1 + r = t

लाटेचा तरंगांक k असेल तर दुसरी अट अशी होते:

ik·t − ik(1 − r) = (2mα/ħ²)·t

पहिल्या समीकरणातला r दुसऱ्यात घातला, की दोन ओळींत t सुटतो. उत्तरात m, α, ħ आणि k एकाच गटाने येतात. त्या गटाला β म्हणू:

β = mα/(ħ²k), t = 1/(1 + iβ)

पलीकडे जाण्याची शक्यता, म्हणजे पारगमन गुणांक T, हा t च्या परिमाणाचा वर्ग:

T = 1/(1 + β²)

सूत्र इथे संपते, पण β कडे जरा थांबून पाहायला हवे. ħk म्हणजे कणाचा संवेग. त्याला m ने भागले की वेग v मिळतो. म्हणून β हे निव्वळ α/(ħv) आहे: भिंतीचे बळ भागिले कणाचा वेग, आणि माप जुळवायला ħ. भिंत जो कोन मागते आणि लाटेत मुळात जो उतार असतो त्यांची तुलना β मध्ये आहे. बळ दुप्पट केले आणि वेगही दुप्पट केला तर T मध्ये काडीचाही फरक पडत नाही. वस्तुमानाचाही इथे वेगळा उल्लेख उरत नाही. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकाच वेगाने एकाच भिंतीवर आले तर दोघांची पलीकडे जाण्याची शक्यता सारखी. मला या सूत्रातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, आणि पुस्तके तिच्यापाशी फारशी थांबत नाहीत.

प्रयोगात मात्र बहुतेक वेळा ऊर्जा हाताशी असते, म्हणून सूत्र ऊर्जेत लिहून पाहू. E₀ = mα²/2ħ² अशी एक ऊर्जा ठरवली तर सगळे असे आटोपशीर होते:

T = E/(E + E₀)

E₀ ही त्या भिंतीची आणि त्या कणाची मिळून खास ऊर्जा. इलेक्ट्रॉनसाठी ħ²/m ची किंमत ०.०७६२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट गुणिले नॅनोमीटरचा वर्ग. त्यावरून ०.३९ बळाच्या भिंतीची E₀ येते जवळजवळ बरोबर १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. याच सोयीसाठी ती भिंत निवडली होती. आता ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सोडले तर शंभरातले सुमारे नऊ पलीकडे जातील. ऊर्जा १ केली तर पन्नास. ४ केली तर ऐंशी, ९ केली तर नव्वद. नव्व्याण्णव पलीकडे जायला हवे असतील तर ऊर्जा ९९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट करावी लागेल. सुरुवातीला ऊर्जेच्या थोड्या वाढीने फार फरक पडतो, नंतर मात्र एकेका टक्क्यासाठी पुष्कळ मोजावे लागते.

या आकड्यांत काय नाही तेही पाहण्यासारखे आहे. कुठेही उंबरठा नाही. इतकी ऊर्जा झाली की कण सुटला आणि तिच्याआधी अडकला, अशी कोणतीही किंमत सापडत नाही, कारण भिंतीची उंची अनंत असल्यामुळे ‘भिंतीच्या वरून’ जाणे शक्यच नाही. जे काही पलीकडे जाते ते भिंतीतूनच जाते. टनेलिंग म्हटले की झपाट्याने घसरणारा घातांकी आलेख आठवतो. तोही इथे नाही. जाड भिंतीत तरंगफल आतल्या आत विझत जाते, आणि जाडी थोडी वाढली तरी पारगमन कित्येक पटींनी घटते. आपल्या भिंतीला आतली बाजूच नाही, त्यामुळे विझायला जागा नाही. म्हणून बळ वाढवल्यावर पारगमन कमी होते, पण सौम्यपणे. १ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनसमोर बळ दुप्पट केले तर E₀ चौपट होते आणि पन्नासाऐवजी वीस टक्के पलीकडे जातात. तिप्पट केले तर दहा. बळ दसपट केले तरी जवळजवळ एक टक्का जातातच. पारगमन पुरते शून्य व्हायला बळ खरोखर अनंत व्हावे लागते, किंवा ऊर्जा खरोखर शून्य.

ऊर्जा सारखी असताना वस्तुमानाने मात्र फरक पडतो, कारण जड कण त्याच ऊर्जेला हळू चालतो. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, म्हणून त्याच भिंतीसाठी त्याची E₀ १८३६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. १ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे प्रोटॉन सोडले तर दोन हजारांतला साधारण एकच पलीकडे जाईल.

आता α चे चिन्ह उलटे करू. भिंतीऐवजी विहीर: शून्य रुंदीची, अनंत खोल. टोक आता उलट दिशेला, मधल्या रेषेपासून दूर पडेल. न्यूटनचा कण विहिरीवरून जाताना क्षणभर वेग घेईल आणि पुढे निघून जाईल. मागे फिरण्याचे त्याला काहीच कारण नाही. पण सूत्रात β चा वर्ग आहे आणि वर्गाला चिन्ह दिसत नाही. ०.३९ बळाची विहीर १ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या अर्ध्या इलेक्ट्रॉनांना परत पाठवते, भिंत पाठवते तितक्यांनाच. अडवणारे आणि ओढणारे असे दोन्ही अडथळे पारगमनाच्या मोजमापात एकसारखे दिसतात. डिटेक्टरवर पोचलेले इलेक्ट्रॉन कितीही मोजले तरी मध्ये भिंत होती की विहीर, ते नुसत्या संख्येवरून सांगता येणार नाही. फरक उरतो तो पलीकडे गेलेल्या लाटेच्या कलेत. भिंत तिला मागे ढकलते, विहीर तितकीच पुढे, आणि दोन्हीकडे ही सरक जास्तीत जास्त पाव लाटेची.

विहिरीला भिंतीपेक्षा एक गोष्ट जास्त मिळते. ती इलेक्ट्रॉनला पकडून ठेवू शकते. डेल्टा विहिरीत नेमकी एकच बद्ध अवस्था असते, बळ कितीही कमी असो वा जास्त, आणि तिची ऊर्जा असते उणे mα²/2ħ². म्हणजे उणे E₀. विहिरीत अडकलेल्या इलेक्ट्रॉनला सोडवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्याच ऊर्जेने बाहेरून आलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी अर्धे पलीकडे जातात. हा योगायोग नाही. t च्या सूत्रात छेद शून्य केला तर k ला काल्पनिक किंमत द्यावी लागते, आणि त्या k ची ऊर्जा म्हणजेच बद्ध अवस्थेची ऊर्जा. विखुरण आणि बंधन एकाच सूत्रात बसलेले आहे.

विद्यार्थी या गणितात बहुतेक वेळा एकाच ठिकाणी घसरतात. एरवीच्या सवयीने ते उतारही सलग धरतात. मग दोन्ही अटींतून r शून्य येतो, T एक येतो, आणि भिंत हिशोबातून नाहीशी होते. या चुकीचा घोटाळा असा, की नेहमीची तपासणी ती पकडत नाही. परावर्तन आणि पारगमन यांची बेरीज एक यायला हवी असे शिकवतात, आणि इथे शून्य अधिक एक बरोबर एकच येते. चूक पकडायची तर उत्तरात α आहे का ते पाहावे, आणि ऊर्जा शून्याकडे नेल्यावर पारगमन शून्याकडे जाते का तेही. संगणकावर हेच गणित करताना चूक वेगळी होते. अंतराचे बारीक तुकडे करून त्यातल्या एका बिंदूवर भिंत उभी करतात. तिची उंची α भागिले तुकड्याची लांबी इतकी ठेवावी लागते. कोणी उंची तशीच ठेवून तुकडे निम्मे केले, तर नकळत भिंतीचे बळच निम्मे होते. तुकडे बारीक करत गेल्यावर उत्तर एका किमतीवर स्थिरावण्याऐवजी शंभर टक्क्यांकडे सरकू लागले, की समजावे बळ गळते आहे.

पण जगात शून्य जाडीची भिंत कुठे आहे? कुठेच नाही. मग हे सूत्र खऱ्या भिंतीला कितपत लागू पडते ते मोजून पाहायला हवे, आणि चौकोनी भिंतीचे अचूक सूत्र उपलब्ध असल्याने ते करता येते. आपली मूळची भिंत घेऊ: ३.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंच, ०.१ नॅनोमीटर जाड, समोरून १ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन. डेल्टा सूत्र पन्नास टक्के सांगते, अचूक उत्तर सुमारे ४४ टक्के. जाडी निम्मी करून उंची दुप्पट केली तर ४६. जाडी दहावा हिस्सा करून उंची ३९ केली तर ४९. पन्नासाकडे जाणारी वाट स्पष्ट दिसते. आता उलट बाजूला जाऊ. तेच क्षेत्रफळ १ नॅनोमीटर जाडीवर पसरले तर उंची ०.३९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होते. इलेक्ट्रॉनची ऊर्जा भिंतीपेक्षा जास्त झाली, आणि पारगमन ९६ टक्क्यांवर गेले. बळ तेच, पण डेल्टा सूत्र इथे साफ चुकते.

हे का होते ते तरंगलांबीवरून कळते. १ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे १.२ नॅनोमीटर. ०.१ नॅनोमीटरची भिंत तिच्यापुढे बारीक आहे. लाटेला तिचा आकार दिसत नाही, एकूण क्षेत्रफळ तेवढे जाणवते. १ नॅनोमीटरची भिंत जवळजवळ लाटेएवढीच असल्याने लाट तिच्या आत मावते आणि तिचे तपशील जाणवू लागतात. भिंतीच्या जाडीपेक्षा तरंगलांबी बरीच मोठी असावी, आणि भिंतीच्या आत लाट फारशी विझू नये, या दोन्ही अटी पाळल्या तरच डेल्टा सूत्रावर भरवसा ठेवावा.

म्हणून ऊर्जा वाढवत नेली की हे सूत्र कधी ना कधी हातातून निसटते, आणि तेही फसव्या रीतीने. १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टला आपल्या भिंतीसाठी ते ९९ टक्के पारगमन सांगते. चौकोनी भिंतीचे अचूक उत्तर ९९.९६ टक्के. दोन्ही ‘जवळजवळ सगळे’ म्हणून सोडून द्यावेसे वाटते. पण परावर्तन मोजणाऱ्याला एकाने शंभरात एक सांगितला आणि दुसऱ्याने दहा हजारांत सुमारे चार. पंचवीस पटींहून जास्त तफावत! डेल्टा भिंत असीम टोकदार असल्याने कितीही आखूड लाटेला ती टोकच वाटते, म्हणून तिचे परावर्तन ऊर्जेच्या एका घाताने हळूहळू घटते. खऱ्या भिंतीचे परावर्तन निदान वर्गाने घटते, आणि भिंतीच्या कडा गुळगुळीत असतील तर त्याहून कितीतरी झपाट्याने.

एवढ्या मर्यादा असूनही या सूत्राला प्रयोगशाळेत कायमची जागा मिळाली ती अतिवाहकांच्या अभ्यासात. साध्या धातूचे टोक अतिवाहकाला टेकवले की दोघांच्या मध्ये ऑक्साइडचा किंवा बिघडलेल्या अणूंचा बारीक थर राहतो. तो नेमका कसा आहे हे कोणालाच नीट माहीत नसते. १९८२मध्ये ग्रेग ब्लाँडर, मायकेल टिंकहॅम आणि टोन क्लापवाइक यांनी त्या सगळ्या थराच्या जागी एक डेल्टा भिंत ठेवली आणि तिच्या β ला Z म्हटले. सामान्य अवस्थेतले पारगमन तेच, 1/(1 + Z²). इलेक्ट्रॉनचा वेग धातूतला फर्मी वेग. आपण वर पाहिलेल्या अटी इथे चांगल्या जुळतात. मोजमाप काही मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या टापूत चालते (नायोबियमची ऊर्जाफट सुमारे १.५ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे), तर तांब्याच्या इलेक्ट्रॉनांची फर्मी ऊर्जा ७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एवढ्याशा फरकाने वेग बदलतो म्हणायलाही जागा नाही. ऊर्जेमुळे होणारा बदल बाजूला पडतो आणि एकच अज्ञात उरते, ते म्हणजे भिंतीचे बळ.

आपलीच ०.३९ बळाची भिंत तांब्याच्या टोकापाशी ठेवू. ७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा, E₀ एक, म्हणून पारगमन सात अष्टमांश आणि Z सुमारे ०.३८. अतिवाहकाच्या ऊर्जाफटीच्या आत एकटा इलेक्ट्रॉन शिरू शकत नाही. तो जोडीनेच आत जातो आणि मागे एक छिद्र परत पाठवतो. १९६४मध्ये आंद्रेयेव यांनी दाखवलेले परावर्तन ते हेच. भिंत मुळीच नसेल तर एका इलेक्ट्रॉनमागे दोन भार आत जातात आणि वाहकता सामान्यापेक्षा दुप्पट होते. भिंत असेल तर जोडीला ती जणू दोनदा ओलांडावी लागते, म्हणून तिचा परिणाम जास्त कडक होतो. शून्य व्होल्टेजला आणि अगदी कमी तापमानाला वाहकतेचे सामान्याशी गुणोत्तर 2(1 + Z²)/(1 + 2Z²)² इतके येते. आपल्या Z साठी ते १.३८. Z एक असेल तर ०.४४, म्हणजे वाढ होण्याऐवजी खोल दरी पडते. एका टोकाला स्वच्छ धातूचा संपर्क, दुसऱ्या टोकाला टनेलिंगचा, आणि मधला सगळा प्रवास एकाच आकड्याने. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिवाहकांवर असे टोक टेकवून मोजमापे होतात. तिथेही, जगभर होते तसे, वाहकतेच्या आलेखाला सूत्र जुळवून ऊर्जाफट आणि Z एकत्र काढतात.

या Z चा अर्थ लावताना एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. दोन धातूंतले फर्मी वेग वेगळे असतील तर मध्ये कोणताही थर नसतानाही लाट थोडी परतते, आणि ते परावर्तन Z मध्येच मिसळते. वेगांचे गुणोत्तर दोन असेल, तर अगदी स्वच्छ जोडावरही Z सुमारे ०.३५ दिसेल, म्हणजे आपल्या भिंतीच्या जवळपास तितकाच. ब्लाँडर आणि टिंकहॅम यांनी १९८३मध्ये तांबे आणि नायोबियम यांच्या संपर्कांवर काम करताना धातूसारख्या वागण्यापासून टनेलिंगपर्यंतचा पूर्ण टप्पा मोजला. अशा मोजमापांत टोक पुन्हा पुन्हा टेकवून Z बदलत पाहतात. थर जाड-बारीक होतो तसा Z वरखाली होतो, पण वेगांच्या तफावतीमुळे आलेला भाग हलत नाही. कितीही स्वच्छ संपर्क केला तरी Z ज्या किमतीच्या खाली उतरत नाही, ती किंमत भिंतीची नसून त्या दोन धातूंची असते.